ॲसिटिलीन दिसलं, तरी आर्किंग नव्हतं

ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या रिपोर्टात ९ पीपीएम ॲसिटिलीन आलं आणि सगळ्यांच्या तोंडी आर्किंगच. मी आधी बाकीचे वायू पाहिले: हायड्रोजन १८०, मिथेन ४००, इथेन १३०, इथिलीन ६५०.

आर्किंगमध्ये हायड्रोजन आणि ॲसिटिलीन जोडीने चढतात. ॲसिटिलीन इथिलीनच्या तोडीचं किंवा त्याहून जास्त असतं. इथे ते इथिलीनच्या दीड टक्काही नव्हतं. मिथेन हायड्रोजनच्या दुपटीहून जास्त, इथिलीन इथेनच्या पाचपट. म्हणजे ७०० अंशांपुढचं स्थानिक तापणं. एवढ्या उष्णतेत थोडं ॲसिटिलीन बनतंच. कार्बन मोनॉक्साइड मात्र जुन्या रिपोर्टइतकंच होतं, त्यामुळे कागदाला झळ लागल्याची खूण नव्हती. माझा संशय उघड्या धातूच्या जोडावर गेला.

सप्लाय बंद करून वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजला. एका फेजचा, तोही फक्त नेहमीच्या टॅपवर, जास्त आला. टॅप स्विच उघडल्यावर त्याच कॉन्टॅक्टवर काळा कार्बन आणि ढिली स्प्रिंग सापडली. कॉन्टॅक्ट बदलला, रेझिस्टन्स जुळला. मग तेलातले वायू काढून टाकले, म्हणजे पुढच्या नमुन्यात नवीन वायू ओळखू येतील. लोडवर घेतलेल्या नंतरच्या नमुन्यांत इथिलीन वाढलं नाही.