ट्रंक भरणारी आजी कुणाची? एका कथेची घडण

नवोदितांच्या कथा वाचून त्यावर शेरे लिहिणं हे माझं काम. त्यात एक विषय वरचेवर हाती येतो: मुलगी पहिल्यांदाच घर सोडून निघाली आहे आणि आजी तिची स्टीलची ट्रंक भरते आहे. विषय सोपा वाटतो, पण गाडी पहिल्याच पानावर अडते. ट्रंक भरणारी बाई निघालेल्या मुलीची आई आहे. ती आजी आहे तिसऱ्याच कुणाची तरी, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या नातवंडाची. ते नातवंड त्या वेळी खोलीत होतं का? हे ठरल्याशिवाय लिहायला बसू नये.

नातवंड तेव्हा जन्मलेलंच नसेल तर सगळी गोष्ट ऐकीव होते. मग आजीचा हात थरथरला हे त्याला कुणी सांगितलं, याचं उत्तर कथेत कुठंतरी असावं लागतं. हे जमतं, पण अवघड आहे. नव्यानं लिहिणाऱ्याला मी दुसरी वाट सुचवते. निघालेली बाई स्वतः आई आहे, नोकरीसाठी निघाली आहे, आणि तिची सहा वर्षांची मुलगी आजीजवळ राहणार आहे. या मुलीला सगळं दिसतं, कळतं मात्र अर्धंच. मोठ्यांच्या मनातलं ती सांगू शकत नाही, त्यामुळे लेखकालाही ते सांगता येत नाही. ही अडचण फार उपयोगी पडते.

आता ट्रंक. ती भरण्याचा क्रम आणि उघडल्यावर वस्तू बाहेर येण्याचा क्रम एकमेकांच्या उलट असतो. तळाशी जड सामान जातं, तेही दोन्ही टोकांना वाटून. नाहीतर दोघांनी कड्या धरून उचलताना ट्रंक एका बाजूला कलते. सगळ्यात वर जे ठेवलं, ते सगळ्यात आधी हाताला लागणार. आजीनं अगदी वर चादर, टॉवेल आणि खोलीच्या दाराला लावायचं कुलूप ठेवलं, तर लेकीची तिकडची पहिली रात्र तिनं मनात पाहून घेतली आहे हे वाचक ओळखतो. ‘आजीला काळजी वाटत होती’ हे वाक्य मग गाळता येतं.

बहुतेक कच्चे खर्डे इथंच यादी होऊन बसतात. कपडे, साबण, कंगवा, फोटो. एकेक वस्तू आत जाते आणि प्रत्येकीला एक आठवण चिकटवलेली असते. ट्रंकेला मापाची हद्द आहे, हे लेखक विसरतो. एक वस्तू आत जायची तर दुसरी बाहेर राहते. भांडण तिथंच आहे, आणि या कथेला तेवढं भांडण पुरतं. एक जाड पांघरूण घेऊ:

“आई, तिकडे थंडी नसते गं.”
“नसू दे.”
“मग माझी पुस्तकं मावायची नाहीत.”
आजी काही बोलली नाही. तिनं सगळी पुस्तकं बाहेर काढली, पांघरूण तळाशी पसरलं, एकेक पुस्तक त्याच्या घड्यांमध्ये सरकवलं आणि आईकडे न बघता म्हणाली, “कोपरे दुमडणार नाहीत आता.”

इथं कोण जिंकलं हे सांगायची गरज नाही. लेकीची पुस्तकं आत गेली, आजीचं पांघरूणही आत गेलं. शेवटचं वाक्य दोघींच्या भांडणाबद्दल आहे की पुस्तकांबद्दल, हे वाचकावर सोडा. नातीला मात्र यात ओढू नका. ‘मी मावेन का गं यात?’ हे वाक्य फार जणांना सुचतं. सुचलं की खोडावं. सहा वर्षांच्या मुलीपेक्षा ते लेखकाच्याच तोंडी जास्त शोभतं.

शेवटासाठी निरोपाचा प्रसंग लागतोच असं नाही. ट्रंकेच्या कुलपाबरोबर सहसा दोन किल्ल्या येतात. एक आईकडे जाईल, दुसरीचं काय? तीही आईलाच दिली तर आजी व्यवहारी ठरते. घरी ठेवून घेतली तर जरा विचित्रच, कारण ट्रंक घरात नसणार. आणि तीच नातीच्या हाती दिली, तर नातीला वाटेल की ट्रंक तिच्याशिवाय उघडणारच नाही. मी तिसरा पर्याय घेईन, आणि नातीचा हा समज खोडून काढायला कथेत कुणालाही तोंड उघडू देणार नाही.

खर्डा झाला की एकच तपासणी करा. प्रत्येक ओळीपाशी विचारा, नातीला हे दिसलं कसं? ट्रंक उंच पलंगावर असेल तर तिला आतलं नीट दिसणार नाही, ती जमिनीवर हवी. आजी पाठमोरी बसली असेल तर तिचा चेहरा लिहिता येणार नाही. पाठ, कोपर आणि पत्र्यावर कडी आपटल्याचा आवाज, एवढंच तुमच्या हाती उरतं.