एम्ब्रिओ ट्रान्सफरनंतरचं प्रोजेस्टेरॉन: या चुका टाळा

सकाळी पँटीवर पांढरा, दह्यासारखा थर दिसला की फोन येतो, "सिस्टर, गोळी सगळी बाहेर पडली, दुसरी ठेवू का?" ठेवू नका. योनीत ठेवलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलमधलं औषध अस्तरातून शोषलं गेल्यावर उरलेला चिकट भाग बाहेर येतो. ठेवल्यावर अर्धा तास पडून राहा आणि पँटीलायनर वापरा. कॅप्सूल ठेवताच अख्खी बाहेर आली, तर मात्र सेंटरला विचारा. आग किंवा खाज होत असेल तर तेही सांगा.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे स्वतःच औषध बदलणं. फ्रोझन ट्रान्सफर हार्मोनच्या गोळ्या देऊन केलं असेल, तर त्या महिन्यात बीज फुटलेलं नसतं. त्यामुळे शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन जवळपास नसतंच, जे काही मिळतं ते बाहेरूनच.

समजा, एका ताईंना रोज दोनदा 400 मिलिग्रॅमची योनीमार्गातली कॅप्सूल आणि तीनदा 10 मिलिग्रॅम डायड्रोजेस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारी तोंडाने घ्यायची गोळी, दिलंय. कॅप्सूलने जळजळ होते म्हणून त्या ती सोडतात आणि तोंडाने घ्यायच्या गोळ्या दुप्पट करतात. दोन दिवसांनी रक्तात प्रोजेस्टेरॉन जवळजवळ शून्य दिसतं आणि घरात रडारड होते. खरं तर डायड्रोजेस्टेरॉन या तपासणीत मोजलंच जात नाही, त्यामुळे गोळ्या वाढवल्या तरी आकडा हलत नाही. पण कॅप्सूलचा आधार तुटला, ही चूक खरीच आहे. अशा वेळी डॉक्टर कॅप्सूल परत सुरू करतात किंवा इंजेक्शन जोडतात.

कॅप्सूल चालू असतानाही रक्तातला आकडा इंजेक्शनपेक्षा कमी येतो, कारण औषध आधी थेट गर्भाशयाला पोचतं. तरी आकडा फारच कमी असेल तर बरीच सेंटर इंजेक्शन जोडतात. अमेरिकेत 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, अशाच हार्मोन देऊन केलेल्या सायकलमध्ये फक्त योनीमार्गाचं औषध घेणाऱ्यांत बाळ होण्याचं प्रमाण इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं, तर दुखतं म्हणून टाळू नका.

तेलातलं 50 मिलिग्रॅमचं इंजेक्शन खरंच दुखतं. कुल्ल्यावर गाठी येतात. रोज बाजू बदला, टोचल्यावर जागा हलकेच चोळा, कोमट शेक घ्या. गाठ लाल, गरम होऊन ताप आला तर ते पू धरण्याचं लक्षण असू शकतं. अंगावर पुरळ उठलं किंवा धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठा. इंजेक्शन कुठल्या तेलातलं आहे ते आधी विचारा. शेंगदाणा किंवा तिळाची ॲलर्जी असेल तर ते सांगायलाच हवं.

मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतलं की झोप आणि गरगर येते. डॉक्टरांनी ते दिलं असेल, तर झोपताना घ्यायचं का ते विचारून घ्या आणि गरगरत असताना गाडी चालवू नका. डायड्रोजेस्टेरॉनने गुंगी कमी येते, डोकेदुखी आणि मळमळ होऊ शकते.

थोडे डाग दिसले म्हणून "पाळी आली" असं ठरवून औषध बंद करू नका. स्तन दुखणं, पोट फुगणं हे प्रोजेस्टेरॉननेही होतं, त्यावरून होकार-नकार दोन्ही कळत नाही. बीटा एचसीजीचा रिपोर्ट येईपर्यंत, आणि तो पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणाच्या साधारण 10 ते 12 आठवड्यांपर्यंत, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत औषध सुरू ठेवा.