गाण्याचा क्लास लावण्याआधी शिक्षक कसे पारखावेत

गाण्याचे शिक्षक शोधताना बहुतेक जण आधी त्यांचं गाणं ऐकतात. गळा तयार आहे, तान स्वच्छ येते, मग शिकवतीलही छान, असा हिशेब असतो. तो नेहमी जुळतोच असं नाही. गाणं उत्तम येणाऱ्याला स्वतःच्या गळ्यात काय घडतं ते पक्कं माहीत असतं. समोरच्या नवख्याचा गांधार, म्हणजे ग हा स्वर, उतरतोय तो का, हे ओळखणं हे मात्र वेगळं काम आहे. म्हणून पारखताना त्यांच्या गाण्यापेक्षा आपल्या चुकीकडे लक्ष ठेवा. चूक झाल्यावर पुढची पाच मिनिटं काय होतं, त्यावरून बहुतेक गोष्टी कळतात.

इथे मी शास्त्रीय कंठसंगीत शिकायला निघालेल्या नवख्याचा विचार केला आहे. वाद्य शिकायचं असलं तरी क्रम हाच, फक्त गळ्याच्या जागी हाताची ठेवण बघायची.

पहिली पायरी: फोनवर दोनच प्रश्न

फी, वार आणि वेळ तर विचारालच, तास बुडाला तर काय तेही विचारून घ्या. पण खरे प्रश्न दोन. पहिला, एका तासाला किती जण असतात आणि त्यात प्रत्येकाला एकट्याने किती वेळ गावं लागतं? आठ जण एका सुरात म्हणत असतील तर तुमचा कणसूर, म्हणजे किंचित बेसूर झालेला ध कुणालाच ऐकू जात नाही, तुम्हालाही नाही. दुसरा, नेहमीच्या विद्यार्थ्याच्या तासाला येऊन बसलं तर चालेल का? ‘या की’ असं मोकळेपणाने म्हणणारे असतात. काही जण विद्यार्थ्याच्या संकोचामुळे नाही म्हणतात, तेही समजण्यासारखं आहे. मुलासाठी क्लास बघत असाल आणि पालकांनी बसलेलं अजिबात चालत नसेल, तर मात्र दुसरे शिक्षक बघा.

दुसरी पायरी: दुसऱ्याचा तास ऐका

परवानगी मिळाली तर कोपऱ्यात बसा आणि घड्याळावर नजर ठेवा. तासातला किती वेळ विद्यार्थी गातोय आणि किती वेळ शिक्षक गातायत, याचा ढोबळ अंदाज घ्या. शिक्षकांनी गाऊन दाखवायलाच हवं, आपलं शिक्षण कानावरच चालतं. पण एक ओळ गाऊन ती विद्यार्थ्याकडून घेणं निराळं आणि वीस मिनिटं स्वतःच रंगून जाणं निराळं. दुसऱ्या प्रकारचा तास ऐकायला फार सुंदर असतो. विद्यार्थी भारावून घरी जातो आणि रियाजाला बसल्यावर काय करायचं ते त्याला आठवत नाही.

शक्य असेल तर पाच-सहा वर्षं शिकणाऱ्यापेक्षा सहा-आठ महिने शिकणाऱ्याचा तास ऐका. मुरलेल्या विद्यार्थ्यात त्याची स्वतःची मेहनत आणि आधीच्या शिक्षकांचं शिकवणं मिसळलेलं असतं. नव्या विद्यार्थ्यात याच शिक्षकांचं काम उघडं दिसतं.

तिसरी पायरी: ट्रायलचा तास

इथे घाई करू नका. जाताना चार ओळींचं काहीतरी, अगदी साधं भावगीतही चालेल, म्हणता येईल असं ठेवा. फोनवर रेकॉर्ड करायची परवानगी मागा.

सुरुवातीलाच बघायची गोष्ट म्हणजे पट्टी, म्हणजे तुमचा सा पेटीच्या कुठल्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर धरायचा ते. चांगले शिक्षक आधी तुमचा षड्ज, म्हणजे हा सा, शोधतात. एखादी पट्टी धरून सा लावायला सांगतात, मग खालच्या, मंद्र सप्तकातल्या प पर्यंत नेतात, वरच्या, तार सप्तकातल्या सा च्या पुढे नेऊन बघतात आणि मग ठरवतात. पुरुषांचा आवाज साधारण पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास बसतो, बायकांचा पांढरी पाच, काळी चार, काळी पाच असा कुठेतरी. पण ही नुसती सरासरी झाली, मोजून बघण्याला पर्याय नाही. शिक्षक स्वतः काळी एकमध्ये गातात म्हणून विद्यार्थिनीलाही तीच पट्टी दिली, तर तिला खालच्या सप्तकात गुरगुरावं लागेल किंवा वरच्या सप्तकात तार पंचमाला ओरडावं लागेल. अशी तडजोड फार क्लासमध्ये चालते. माझ्या मते तरी, पट्टी न शोधता शिकवायला सुरुवात झाली तर पुढचं बघायची फारशी गरज नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, चूक झाल्यावर काय होतं ती. समजा तुम्हाला भूप रागाचा आरोह, म्हणजे स्वरांचा चढता क्रम दिला, सा रे ग प ध सां. तुमचा ग जरा उतरला, तो उतरला म्हणून पुढचा प सुद्धा चाचपडला. नवख्यांच्या बाबतीत हे नेहमीचंच.

एक प्रकारचे शिक्षक पेटीवर ग जोरात दाबून धरतात आणि म्हणतात, ‘परत.’ तुम्ही परत म्हणता. ‘परत.’ चौथ्या-पाचव्या खेपेला जमल्यासारखं वाटतं, कारण पेटीच्या आवाजात तुमचा आवाज झाकला जातो. ‘हां, आता आलं,’ म्हणत ते पुढे सरकतात. आलेलं काहीच नसतं.

दुसऱ्या प्रकारचे शिक्षक पेटी बंद करतात. फक्त तानपुरा चालू. ‘सा वर थांबा. आता सरळ प ला या, मधलं काही नको.’ प लांब धरायला लावतात. तानपुऱ्याशी प नीट जुळला नसेल तर आवाजात एक बारीक थरथर ऐकू येते, जुळला की ती विरते आणि आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटतो. ती थरथर विरेपर्यंत ते थांबतात. मग प वरून ग ला उतरवतात, कारण वरून खाली येताना गांधार सापडायला सोपा जातो. नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या षड्जातूनही बारीक कानाला गांधार ऐकू येतो, तो ऐकायला सांगतात. पेटीवरचा शुद्ध गांधार त्यापेक्षा किंचित चढा असतो, म्हणून नुसत्या पेटीवर कान तयार होत नाही. आणि बघता बघता त्यांच्या ध्यानात येतं की तुम्ही सा आणि रे एवढे लांबवता, की ग पर्यंत श्वास संपत येतो आणि सूर खाली बसतो. ‘ग च्या आधी श्वास घ्या.’ तुम्ही घेता आणि ग जागेवर येतो.

हे सगळं पाच मिनिटांत होतं. पहिल्या शिक्षकांनी चूक दाखवली, दुसऱ्यांनी चुकीचं कारण शोधलं. दुसऱ्या शिक्षकांचा स्वभाव कडक असेल, बोलणं तुटक असेल, तरी माझं मत त्यांच्याच पारड्यात. मात्र कडक असणं आणि अपमान करणं यात फरक आहे. ‘तुमचा गळा गाण्याचा नाही’ असं पहिल्या तासाला सांगणाऱ्याने तुमचा गळा पुरता ऐकलेलाही नसतो.

ट्रायलमध्ये चूक झालीच नाही तर? मुद्दाम एक अवघड जागा विचारा. तुमच्या त्या गाण्यातली जी ओळ नेहमी डळमळते, ती म्हणून दाखवा आणि विचारा, ‘इथे माझं नेमकं काय होतं?’ उत्तरात जागा, स्वर किंवा श्वास यांपैकी काहीतरी ठोस यायला हवं. ‘रियाज वाढवा’ हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालतं, म्हणून ते धरू नका.

ऑनलाइन तास असेल तर एक वेगळी अडचण असते. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दोघांना एकत्र गाता येत नाही. अनुभवी शिक्षक तानपुरा तुमच्या बाजूला लावायला सांगतात, स्वतः एक ओळ म्हणून गप्प होतात आणि मग तुमची ऐकतात. अ‍ॅपमधली पार्श्वभूमीचा आवाज कमी करणारी सोय तानपुऱ्याचा सूर गिळते, ती बंद करायला सांगितली तर समजा त्यांनी हे काम खरोखर केलेलं आहे.

चौथी पायरी: दुसऱ्या दिवशी घरी

लगेच हो म्हणू नका. दुसऱ्या दिवशी तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून बसा आणि काल काय शिकलात ते रेकॉर्डिंग न ऐकता करून बघा. काय म्हणायचं, किती सावकाश आणि कशाकडे कान ठेवायचा, हे तिन्ही आठवत असेल तर तास कामाचा होता. नुसती सुंदर गाणं ऐकल्याची आठवण राहिली असेल, तर तुम्ही मैफलीला जाऊन आलात. घसाही तपासा. नव्या स्नायूंना थोडा थकवा येईल, पण घसा दुखत असेल किंवा आवाज बसला असेल, तर जोर लावून गाऊन घेतलं गेलंय.

मग एकदोन महिन्यांपुरतंच ठरवा. वर्षाची फी आगाऊ मागत असतील तर महिन्याची देतो म्हणून सांगा.

पाचवी पायरी: तीन महिन्यांनी काय मोजायचं

पहिल्या आठवड्यात एक अलंकार, म्हणजे स्वरांचा एक पलटा, आणि भूपाचा आरोह-अवरोह ठरलेल्या पट्टीत, ठाय, म्हणजे सावकाश लयीत, फक्त तानपुऱ्यावर रेकॉर्ड करून ठेवा. तीन महिन्यांनी तेच, त्याच पट्टीत, त्याच लयीत पुन्हा. दोन्ही लागोपाठ ऐका. रोज थोडा रियाज होत असेल तर फरक ऐकू यायला हवा. सा पहिल्या झटक्यात लागतो का, लांब धरलेला स्वर शेवटाकडे उतरतो का, श्वास कुठेही तुटतो का, एवढंच बघा.

याहून पक्की खूण म्हणजे आपली चूक आपल्याला ऐकू येणं. शिक्षकांनी थांबवण्याआधी तुम्हीच थांबून ‘हा ग गेला’ म्हणालात, तर कान तयार होतोय. गंमत म्हणजे याच काळात बऱ्याच जणांना आपण पूर्वीपेक्षा वाईट गातोय असं वाटू लागतं. गळा बिघडलेला नसतो, कान गळ्याच्या पुढे गेलेला असतो. तेवढ्यासाठी शिक्षक बदलू नका. तालाचीही एक साधी तपासणी आहे: हातावर तीनताल धरून 16 मात्रा मोजत छोटी बंदिश म्हणा आणि ठेका न वाजता समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येता का ते बघा.

किती राग झाले, किती बंदिशी वहीत उतरल्या, ही मोजदाद फसवी आहे. तीन महिन्यांत सहा राग झाले असतील तर मला काळजीच वाटेल. परीक्षांचंही तसंच. प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांमुळे अभ्यासाला शिस्त लागते, पण वर्षभर फक्त अभ्यासक्रमातल्या बंदिशी घोटून घेतल्या तर प्रमाणपत्र हातात येतं आणि नवी ओळ ऐकून उचलता येत नाही. हे पडताळायचं असेल तर कधीही न ऐकलेली दोन ओळींची बंदिश द्यायला सांगा आणि किती वेळा ऐकल्यावर ती म्हणता येते ते बघा.

तीन महिन्यांनंतरही दोन्ही रेकॉर्डिंग सारखीच ऐकू आली, तर आधी स्वतःच्या रियाजाची वही उघडा. रियाज झालेला असेल तर ती दोन्ही रेकॉर्डिंग शिक्षकांना ऐकवा आणि पुढचे दोन महिने काय बदलायचं ते विचारा. काय करू या हे ते नेमकं सांगू शकले, तर आणखी दोन महिने थांबा. आवाज वरचेवर बसत असेल तर मात्र थांबू नका, आणि वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटत असताना पट्टी खाली न आणता तेच सूर जोर लावून गाऊन घेतले जात असतील, तर त्याच आठवड्यात क्लास बंद करा.