पैसे पाठवायच्या आधी एस्टिमेट लेटर उघडून बघा

ग्रुपवर कुणाच्या उपचारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या पेजची लिंक आली की फोटो बघून जीव कासावीस होतो, पण आधी पेजवरचं हॉस्पिटलचं एस्टिमेट लेटर, म्हणजे अंदाजे खर्चाचं पत्र, झूम करून वाचा. पेशंटचं नाव, दाखल झाल्यावर मिळणारा आयपीडी नंबर, तारीख, सही-शिक्का आणि रक्कम, एवढं बघायचं. मागे कोथरूडच्या एका मैत्रिणीने पाठवलेल्या पेजवर टार्गेट २५ लाख होतं आणि लेटरमध्ये ९ लाख, तेही चार महिन्यांपूर्वीचं. फरक असला म्हणजे खोटंच असं नाही हं, आयसीयूचे दिवस वाढले की बिल खरंच फुगतं, पण मग नवीन इंटरिम बिल, म्हणजे आतापर्यंत झालेलं बिल, मागायचं.

मग हॉस्पिटलला फोन करा, नंबर मात्र पेजवरचा नाही, हॉस्पिटलच्या वेबसाइटवरचा. बिलिंगवाले अनोळखी माणसाला पेशंटची माहिती देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, म्हणून नातेवाइकाला काउंटरवर उभं राहून बोलणं करून द्यायला सांगा. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर मेडिकल सोशल वर्करला विचारा, तिथे गरीब पेशंटसाठी १०% बेड राखीव असतात, बऱ्याच घरच्यांना ते माहीतच नसतं. पैसे शक्यतो थेट हॉस्पिटलच्या खात्यात, आयपीडी नंबर टाकून, आणि पावती मागून घ्या.