"डोहाळे कडक आहेत" म्हणून घरी बसू नका: गरोदरपणातल्या उलट्यांमध्ये होणाऱ्या चुका

मी बाळंतपणाच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे, बरीच वर्षं झाली, आणि तरी माझ्याच वहिनीच्या बाबतीत आम्ही पाच-सहा दिवस उशीर केला, म्हणून हे लिहितेय.

वहिनी लालबागला राहते. सहाव्या आठवड्यात मळमळ सुरू झाली, ती बहुतेकींना होतेच, त्यात काही नवल नाही. सकाळी ब्रश करताना उलटी, फोडणीचा वास नको, चहा नको. पण दुपारी थोडा वरणभात जायचा, रात्री दूध राहायचं. याला साधी मळमळ म्हणतात, नवव्या आठवड्याच्या आसपास ती सगळ्यात जास्त असते आणि पुढे चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत बहुतेकींची ओसरते.

आठव्या आठवड्यात चित्र बदललं आणि ते आम्हाला कळलंच नाही, कारण आम्ही उलट्या मोजत बसलो. ही पहिली चूक. काल सात झाल्या, आज सहा झाल्या, म्हणजे आज बरं आहे असं आम्ही धरून चाललो. खरं तर पोटात काहीच उरलेलं नसलं की उलटी कमी आणि कोरडे उमाळे जास्त येतात, त्यामुळे आकडा कमी दिसला तरी तब्येत खालावत असते. बघायचं ते वेगळं. दिवसभरात पोटात काय टिकलं, लघवीला किती वेळा गेली, आणि वजन किती.

वजनाचा हिशोब सोपा आहे. दिवस जायच्या आधी वहिनी ५२ किलो होती. त्याचे पाच टक्के म्हणजे २.६ किलो. नवव्या आठवड्यात काट्यावर ४८.५ आलं, म्हणजे साडेतीन किलो गेले. पाच टक्क्यांपेक्षा जास्त वजन घटलं आणि अंगात पाणी कमी पडलंय, तर ही साधी मळमळ नाही. याला हायपरएमेसिस म्हणतात, आणि हा घरी आलं-लिंबू चाखून बरा होणारा आजार नाही. अर्थात काट्यावर तेवढा आकडा यायची वाटही बघायची नाही, खाणंपिणं टिकत नसेल तर आधीच जायचं.

लघवीचं तर मला आजही वाईट वाटतं. त्या दिवशी ती सकाळी सहाला गेली होती आणि नंतर थेट संध्याकाळी पाचला, रंग कोऱ्या चहासारखा. शेजारच्या काकू म्हणाल्या गरमी आहे, घाम जातोय, आणि मे महिन्यातल्या मुंबईत ते कुणालाही पटेल. पण आठ तास लघवी नाही किंवा अगदी थोडी आणि गडद, जीभ कोरडी ठाक, पलंगावरून उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी, स्वस्थ पडून असतानाही छातीत धडधड, ही अंगातलं पाणी संपत आल्याची लक्षणं आहेत. यातलं काहीही दिसलं, किंवा चोवीस तास पाणीसुद्धा टिकलं नाही, की त्याच दिवशी हॉस्पिटल. उलटीत रक्त, ताप, पोटात कळ, लघवीला जळजळ, किंवा दहाव्या आठवड्यानंतर अचानक पहिल्यांदाच सुरू झालेल्या उलट्या असतील तर कारण दुसरंच असू शकतं, तिथे तर थांबूच नका.

आता पाण्याबद्दल. आपण प्रेमाने ग्लासभर शहाळं पुढे करतो आणि "संपव बघू" म्हणतो, आणि ते पाच मिनिटांत बाहेर येतं. त्याऐवजी एक छोटा चमचा, म्हणजे साधारण ५ मिली, दर तीन मिनिटांनी द्या, तासाला १०० मिली होतं. पाणी एक लिटर मापून त्यात ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण घालायचं, अर्धंमुर्धं नाही. दुकानातली गोड फळांच्या चवीची पॅकेट म्हणजे ओआरएस नव्हे. आणि हेही तासन्तास उलटून पडत असेल तर चमच्याचा प्रयोग थांबवून निघायचं.

पण सगळ्यात मोठी चूक याच्या पुढची आहे. अशक्तपणा आला म्हणून जवळच्या दवाखान्यात नेलं आणि तिथे ग्लुकोजची एक बाटली चढवून घरी पाठवलं. दोन-तीन तास तरतरी आली, आम्ही सगळे खूश, रात्री परत तेच. ग्लुकोज वाईट नाही, पण क्रम महत्त्वाचा असतो. शरीराला साखर वापरायला बी-१ म्हणजे थायमिन लागतं आणि त्याचा साठा अंगात दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. जी बाई आठवडे जेवलेली नाही तिला थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो. एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. हे क्वचित होतं पण झालं तर कायमचं नुकसान करू शकतं. म्हणून "आधी बी-१ दिलंय का?" हे विचारायला अजिबात लाजू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. तिथे आधी वजन, नाडी, झोपून आणि उभं राहून बीपी घेतलं. रक्तात पोटॅशियम २.९ आलं, जे किमान ३.५ तरी हवं. शिवाय किडनी, लिव्हर, थायरॉईड, लघवीत इन्फेक्शन आहे का, आणि सोनोग्राफी, कारण जुळी किंवा द्राक्षगर्भ असेल तरी उलट्या अशाच जोरात होतात. लघवीत कीटोन आले तर उपास घडलाय एवढं कळतं, पण नुसत्या कीटोनवरून पाणी किती कमी झालंय ते ठरत नाही, त्यामुळे "कीटोन नाहीत, घरी जा" हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

मग थायमिन, नॉर्मल सलाईन, आणि त्यातूनच हळूहळू पोटॅशियम. ते कधीच घाईने देत नाहीत कारण हृदयाचे ठोके बिघडतात, बाटली सावकाश चालली म्हणून नर्सशी भांडणारे नातेवाईक मी रोज बघते. उलटीचं इंजेक्शन शिरेतून, आणि पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटावर रोज एक छोटं इंजेक्शन. लोहाची गोळी डॉक्टरांनी तात्पुरती बंद केली कारण तिने मळमळ वाढते, फॉलिक ॲसिड मात्र चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी पेज आणि गोळ्या दोन्ही टिकल्या तेव्हाच घरी सोडलं.

आणि घरी येऊन आम्ही शेवटची चूक केली. बरं वाटतंय म्हणून तिने दोन दिवसांत गोळी सोडली. डॉक्सिलामाइन आणि बी-६ ची ती गोळी गरोदरपणात वर्षानुवर्षं दिली जाते, पण ती उलटी आल्यावर घेऊन लगेच थांबवणारी नाही, तिचा असर व्हायला काही तास लागतात. म्हणून रात्री झोपताना घेतलेली सकाळी उपयोगी पडते आणि ती चावायची-कुटायची नसते. चौथ्या दिवशी उलट्या परत आल्या, सुदैवाने आम्ही त्याच दिवशी ओपीडीत गेलो आणि पुन्हा ॲडमिट करावं लागलं नाही. नंतर सोळाव्या आठवड्यापर्यंत डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळ्या चालू राहिल्या, मग हळूहळू कमी केल्या.

आता विसावा आठवडा चालू आहे, वजन ५३ वर आलंय, जेवण व्यवस्थित जातं. फक्त घरात बोंबील तळायचे असले की ती आधी सांगते आणि गॅलरीत जाऊन बसते.