सल्लागाराच्या फीवरचा टीडीएस: प्रकल्पाच्या खर्चपत्रकात या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या छोट्या संस्थांची खर्चपत्रकं बघताना एक ओळ हमखास अडखळायला लावते, ती म्हणजे ‘सल्लागार फी’. कुणी टीडीएस वेगळा खर्च म्हणून तिच्या खाली जोडलेला असतो, तर कुणी सल्लागाराच्या खात्यात गेलेली रक्कम तेवढीच खर्च म्हणून टाकलेली असते. दोन्हीकडे बेरीज चुकते, फक्त उलट दिशांना.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. टीडीएस हा संस्थेचा कर नाही. तो सल्लागाराचा आयकर आहे. संस्था तो त्याच्या फीमधून कापून त्याच्या पॅनवर सरकारजमा करते, एवढंच. म्हणून प्रकल्पाचा खर्च म्हणजे बिलाची पूर्ण रक्कम. त्यातले किती पैसे सल्लागाराकडे गेले आणि किती चलनाने गेले, हा फक्त पैसे देण्याच्या वाटेचा प्रश्न आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. राजारामपुरीत ऑफिस असलेली एक ट्रस्ट राधानगरी तालुक्यात महिला बचत गटांचा प्रकल्प चालवते. मूल्यमापनासाठी एक सल्लागार नेमला आहे. करार २४ दिवसांचा, दिवसाला ५,००० रुपये, म्हणजे एकूण १,२०,०००. ही रक्कम जून, ऑक्टोबर आणि मार्च अशा तीन हप्त्यांत, प्रत्येकी ४०,००० रुपयांनी द्यायची आहे. सल्लागाराची जीएसटी नोंदणी नाही. वर्ष २०२५-२६, त्यामुळे कलम १९४जे लागू आणि दर १० टक्के. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि ही तरतूद कलम ३९३ मध्ये गेली. हिशेबाची रीत बदललेली नाही.)

पहिल्या हप्त्यावर टीडीएस न कापणं

व्यावसायिक फीसाठी टीडीएसची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० रुपये झाली. त्याआधी ती ३०,००० होती. जूनचं बिल ४०,००० चं, म्हणजे मर्यादेच्या आत, असं समजून अनेक ठिकाणी ते पूर्ण चुकतं केलं जातं. पण कायदा फक्त दिलेली रक्कम बघत नाही, वर्षभरात द्यावी लागण्याची शक्यता असलेली रक्कमही बघतो. तुमच्या हातात १,२०,००० चा सही केलेला करार आहे. मग पहिल्या हप्त्यापासूनच ४,००० कापायला हवेत आणि ३६,००० द्यायला हवेत.

जूनमध्ये कापलं नाही आणि ऑक्टोबरमध्ये दोन्ही हप्त्यांचे मिळून ८,००० कापले, तर सल्लागाराला त्या महिन्यात एकदम ३२,००० च मिळतात आणि फोन सुरू होतात. शिवाय उशिरा कापल्याबद्दल जूनच्या ४,००० वर दरमहा १ टक्का व्याज, म्हणजे महिन्याला ४० रुपये लागतात. रक्कम किरकोळ आहे, पण हे व्याज प्रकल्पाच्या कुठल्याच ओळीत बसत नाही. ते संस्थेने स्वतःच्या निधीतून भरायचं. टीडीएसचं तिमाही विवरणपत्र उशिरा भरल्याचं दिवसाला २०० रुपये शुल्कही तसंच. सल्लागार फीच्या ओळीत असे सुटे आकडे मिसळलेले दिसले की देणगीदाराचा ऑडिटर आधी तिथेच बोट ठेवतो.

टीडीएस दुसऱ्यांदा खर्चात येणं

ही चूक बहुतेक वेळा टॅलीत होते आणि करणाऱ्याला ती चूक वाटतही नाही. जूनचं बिल आलं की नोंद अशी हवी:

सल्लागार फी (प्रकल्प खर्च) नावे ४०,०००
देय टीडीएस जमा ४,०००
सल्लागार जमा ३६,०००

इथपर्यंत सगळे बरोबर करतात. पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत चलन भरलं जातं आणि बँकेतून ४,००० जातात. ही नोंद ‘देय टीडीएस’ नावे पडायला हवी. पण बँक स्टेटमेंटवरून नोंदी करणारा मुलगा आयकराचं चलन बघतो आणि ‘कर व दर’ किंवा ‘टीडीएस खर्च’ असं नवं खातं उघडून तिथे टाकतो. झालं, ४०,००० च्या बिलाचा खर्च ४४,००० झाला. वर्षअखेर ही ओळ १,२०,००० ऐवजी १,३२,००० दाखवते आणि अंदाजपत्रक ओलांडलं म्हणून सगळे डोकं धरून बसतात.

एका संस्थेतल्या ताईंनी यावर सरळ विचारलं होतं, “सर, दहा टक्के सरकारला भरलं न्हवं, मग तो खर्चच की!” भरलेत हे खरं, पण ते सल्लागाराच्या चाळीस हजारांतलेच भरलेत.

चूक ओळखायला खर्चाचं खातं बघू नका, ‘देय टीडीएस’ हे खातं उघडा. महिन्याचं चलन भरल्यावर तिथे त्या महिन्यापुरती बाकी शून्य व्हायला हवी. चलनं वेळेवर भरलेली असूनही जमेची बाकी महिन्यामागून महिने वाढत चालली असेल, तर चलनांच्या नोंदी दुसरीकडे कुठेतरी, बहुधा खर्चात, पडल्या आहेत. दुरुस्ती सोपी आहे: एक जर्नल नोंद करून ‘टीडीएस खर्च’ जमा आणि ‘देय टीडीएस’ नावे करा, आणि ते नवं खातं बंद करून टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात ते परत वापरलं जाईल.

हातात पडणारी रक्कम अंदाजपत्रकात लिहिणं

ही चूक प्रस्ताव लिहितानाच होते आणि नंतर निस्तरता येत नाही. सल्लागार म्हणतो, “मला दिवसाचे पाच हजार हातात पाहिजेत.” प्रस्ताव लिहिणारा ५,००० टाकून मोकळा होतो. कामाच्या वेळी सल्लागाराला ४,५०० मिळतात आणि वाद होतो. मग उरलेले ५०० ‘किरकोळ’मधून द्यायची शक्कल निघते. ते अजिबात करू नका. ती रक्कमही फीच आहे, तिच्यावरही टीडीएस लागतो आणि शिवाय ती चुकीच्या ओळीत जाते.

काहीजण हुशारीने १० टक्के वाढवून ५,५०० लिहितात. तेही कमी पडतं. २४ दिवसांचे होतात १,३२,०००, टीडीएस १३,२००, आणि हातात १,१८,८००. म्हणजे १,२०,००० ला १,२०० कमीच. कारण १० टक्के मूळ रकमेवर नाही, फुगवलेल्या रकमेवर कापले जातात. हातात ५,००० द्यायचे असतील तर ५,००० ला ०.९ ने भागा. दर येतो ५,५५५.५६ आणि २४ दिवसांचे १,३३,३३३. माझं मत विचाराल तर या वाटेला जाऊच नये. सल्लागाराला आधीच सांगावं की दर कर धरून आहे, कापलेला कर तुमच्या २६एएसमध्ये दिसेल आणि विवरणपत्र भरताना तो वळता होईल. अनेकांना तर तो परतही मिळतो. अशा वेळी देणगीदाराच्या पैशातून त्यांचा कर भरणं म्हणजे फी वाढवणंच झालं.

सल्लागार जीएसटीत नोंदणीकृत असेल तर मात्र अंदाजपत्रकात १८ टक्के आधीच धरा. तो खराच जादा खर्च आहे, कारण अशा प्रकल्पात त्याचं क्रेडिट संस्थेला सहसा मिळत नाही. ४०,००० च्या फीचं बिल ४७,२०० चं होतं. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस ४०,००० वरच, म्हणजे ४,०००. सल्लागाराला ४३,२०० जातात आणि प्रकल्पाच्या ओळीत ४७,२०० येतात.

मार्चअखेर शिल्लक दिसणारे चार हजार

सगळ्यात जास्त पत्रव्यवहार याच्यावरून होतो. तिसऱ्या हप्त्याचं बिल समजा २६ मार्चला आलं. ३६,००० लगेच दिले. मार्चमध्ये कापलेला टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरता येतो, म्हणून चलन पुढे ढकललं. इकडे ३१ मार्चचं उपयोगिता प्रमाणपत्र बँक बुकावरून तयार झालं. त्यात सल्लागार फी १,१६,००० आणि शिल्लक ४,०००. देणगीदाराने शिल्लक परत मागितली, संस्थेने पाठवली, आणि एप्रिलच्या शेवटी चलन भरायला प्रकल्पाच्या खात्यात पैसेच नाहीत!

खर्च मार्चचाच आहे, कारण काम झालं, बिल आलं आणि टीडीएस कापला गेला. खर्चपत्रकात १,२०,००० लिहा आणि खाली बँक शिल्लकेचा ताळमेळ द्या: बँकेत ४,०००, त्यातून देय टीडीएस ४,०००, प्रत्यक्ष शिल्लक शून्य. काही देणगीदार प्रत्यक्ष पैसे गेल्याशिवाय खर्च धरतच नाहीत. त्यांच्यासाठी उपाय याहून सोपा आहे. ३० एप्रिल ही शेवटची तारीख आहे, मुहूर्त नव्हे. बिलाच्या दिवशीच ऑनलाइन चलन भरा, विषय संपला.

एक चलन, चार प्रकल्प

संस्था सहसा सगळ्या प्रकल्पांच्या सल्लागारांचा टीडीएस एकाच चलनाने भरते. त्यात गैर काही नाही. पण बँकेतून ११,५०० गेलेले दिसतात आणि आपल्या प्रकल्पाचे त्यातले ४,००० च असतात. दर चलनामागे एक साधा वाटणी-तक्ता जोडून ठेवा: प्रकल्प, सल्लागार, बिल क्रमांक, बिलाची रक्कम, टीडीएस. प्रकल्पाचं बँक खातं वेगळं असेल तर त्याच्या वाट्याची रक्कम त्याच आठवड्यात मुख्य खात्यात वळवा. परदेशी निधीच्या प्रकल्पाचं चलन मात्र एफसीआरए खात्यातूनच, स्वतंत्र भरा. तिथे देशी आणि परदेशी पैशांची सरमिसळ चालत नाही.

पत्रक पाठवण्याआधी

तीन आकडे शेजारी मांडा. सल्लागाराच्या खात्यात गेलेली रक्कम आपल्या उदाहरणात १,०८,०००, चलनांनी भरलेला टीडीएस १२,०००, आणि दोन्हींची बेरीज १,२०,०००. खर्चपत्रकातली ओळ या बेरजेइतकी हवी. मग टीडीएसचं तिमाही विवरणपत्र, म्हणजे २६क्यू, उघडा. चार तिमाह्यांत मिळून या सल्लागाराच्या पॅनसमोर दिलेली रक्कम १,२०,००० दिसायला हवी. तिथे १,०८,००० दिसत असतील तर भरणाऱ्याने हातात गेलेली रक्कम टाकली आहे आणि विवरणपत्र दुरुस्त करावं लागेल. जुळत नसलेली ओळ पुढच्या ऑडिटमध्ये सापडतेच. शिवाय टीडीएस मुळात कापलाच नसेल तर नोंदणीकृत ट्रस्टच्या आयकरात त्या खर्चाचे ३० टक्के, म्हणजे इथे ३६,००० रुपये, धर्मादाय उद्दिष्टावर खर्च झाले असं धरलं जात नाही.

चुकीचं पत्रक आधीच गेलं असेल तर पुढच्या तिमाहीच्या आकड्यात फरक गुपचूप मुरवू नका. ‘मागील तिमाहीत सल्लागार फी निव्वळ रकमेने दाखवली होती, टीडीएसचे ४,००० या तिमाहीत जोडले आहेत’ अशी टीप त्या ओळीखालीच लिहा आणि चलनाची प्रत जोडा.