दोन स्प्रिंगा जोडल्या तर k किती धरायचा?

बारावीच्या पोरांचा इथे हमखास घोळ होतो, रेझिस्टन्सचं सूत्र डोक्यात बसलेलं असतं आणि स्प्रिंगला नेमकं उलटं आहे. म्हणून सूत्र बाजूला ठेवा, आधी प्रत्येक स्प्रिंगचा k मोजू.

स्प्रिंग स्टँडला लावा, २०० ग्रॅम टांगा, किती लांबली ते पट्टीवर बघा. वजनाचं बल ०.२ × ९.८ म्हणजे १.९६ न्यूटन. समजा पहिली ९.८ सेंमी लांबली, तर k₁ = १.९६ ÷ ०.०९८ = २० न्यूटन प्रति मीटर. दुसरी साडेसहा सेंमी लांबली, म्हणजे k₂ साधारण ३०.

आता एकीच्या हुकात दुसरी अडकवा, ही एकसर जोडणी. तेच २०० ग्रॅम दोघींनाही पूर्ण ताकदीने ओढतं, त्यामुळे पहिली ९.८ लांबते, दुसरी ६.५, एकूण १६.३ सेंमी. लांबी वाढली म्हणजे जोडी मऊ झाली:

1/k = 1/k₁ + 1/k₂

k येतो १२, दोघींपैकी मऊ स्प्रिंगपेक्षाही कमी. तुमचा ०.०८३ आला तर शेवटी उलटा करायला विसरलात.

समांतर जोडणीत दोन्ही शेजारी टांगून खाली हलकी आडवी पट्टी लावायची. इथे दोघी सारख्याच लांबतात आणि वजन वाटून घेतात, म्हणून k = k₁ + k₂ = ५०. पण वजन पट्टीच्या मधोमध टांगलं की मऊ बाजू खाली जाते, पट्टी तिरकी होते आणि मग हे सूत्र बरोबर लागू होत नाही. स्प्रिंगांची मूळ लांबी सारखी हवी, आणि १० सेंमीच्या पट्टीवर वजन मऊ स्प्रिंगपासून ६ आणि कडकपासून ४ सेंमीवर टांगा, पट्टी सरळ राहते.

आता आवर्तकाल. ५०० ग्रॅम टांगा, थोडं खाली ओढून सोडा.

T = 2π√(m/k)

एकसरमध्ये १.२८ सेकंद, समांतरमध्ये ०.६३. k चौपटीहून थोडा जास्त झाला तरी वेळ साधारण निम्माच, कारण वर्गमूळ. एक दोलन मोजू नका, मोबाईलच्या स्टॉपवॉचवर २० मोजा आणि भागा, एकसरला सुमारे २५.७ सेकंद यायला हवेत. थोडे जास्त आले तर स्प्रिंगचं स्वतःचं वजन कारण असतं, त्याचा एक तृतीयांश m मध्ये मिळवा. आणि हो, एकसरमध्ये ५०० ग्रॅमने जोडी ४१ सेंमी लांबते, स्टँड बुटका असेल तर वजन टेबलावर टेकतं, माझं टेकलं होतं!

एक फसवी रचना परीक्षेत येतेच: वजन मध्ये, दोन्ही बाजूंना स्प्रिंगा, त्यांची टोकं समोरासमोरच्या भिंतींना. दिसायला एका ओळीत आहे म्हणून पोरं १२ धरतात. पण वजन उजवीकडे १ सेंमी सरकवून बघा, डावी स्प्रिंग १ सेंमी ताणते, उजवी १ सेंमी दबते, आणि दोघी त्याला डावीकडेच ढकलतात. म्हणजे समांतर, k = ५०.